गिळायची नाही ती गोळी पाकिटावरून कशी ओळखायची

सिंहगड रोडच्या एका मेडिकलच्या काउंटरवर मी काही वर्षं काम केलं. एका संध्याकाळी धायरीच्या एक काकू आल्या. "ताई, दोन रात्री गोळी घेतली. तोंड कडू झालंय, मळमळतंय, आणि खाज आहे तशीच." पिशवीतून त्यांनी खाकी पाकीट काढलं. त्यावर पेनाने लिहिलं होतं: रात्री १. अक्षर आमच्याच दुकानातलं.

आत क्लोट्रिमाझोलच्या १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या, योनिमार्गात ठेवायच्या. सहा रात्रींचा कोर्स. काकूंनी आधी तीनच मागितल्या म्हणून पट्टी मधोमध कापली गेली, आणि 'फॉर व्हजायनल यूज ओन्ली' ही ओळ दुकानातल्या अर्ध्या तुकड्यावर राहिली. गोळी आत सरकवायची प्लॅस्टिकची नळी, म्हणजे ॲप्लिकेटर, खोक्यातच पडून होती. काकूंच्या हाती आली ती नुसती पांढरी गोळी, रक्तदाबाच्या गोळीपेक्षा थोडी मोठी. कोणीही गिळेल.

म्हणून अशी औषधं सुटी घेऊ नका, अख्खं खोकं मागा. मग त्यावर तीन गोष्टी बघा. पहिली, औषधाच्या नावाखालची बारीक ओळ. 'व्हजायनल टॅब्लेट' किंवा 'पेसरी' असेल तर ती योनिमार्गासाठी. 'सपोझिटरी' असेल तर बहुधा गुदद्वारासाठी, तिथे 'फॉर रेक्टल यूज' असंही छापलेलं असतं. 'नॉट टू बी स्वॉलोड' किंवा 'नॉट फॉर ओरल यूज' म्हणजे गिळायची नाही. अक्षरं मुंगीएवढी असतात. मोबाइलवर फोटो काढून मोठा करा.

दुसरी गोष्ट, खोक्यात नळी आहे का. असेल तर प्रश्न मिटला. मात्र नळी नाही म्हणजे गोळी तोंडाची, असा उलटा अर्थ काढू नका.

तिसरी, आकार आणि वेष्टन. सपोझिटरी बंदुकीच्या गोळीसारखी, एका टोकाला निमुळती आणि हाताला मेणचट लागते. ती जाड प्लॅस्टिकच्या किंवा फॉइलच्या साच्यात असते. साच्याच्या टोकाच्या दोन पाकळ्या विरुद्ध बाजूंना ओढल्या की ती मोकळी होते. (वेष्टनासकट आत ठेवणारेही भेटतात. हसू नका, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.) योनिमार्गाची गोळी मात्र साध्या पट्टीत, साध्या गोळीसारखी दिसू शकते, आणि फसगत तिथेच होते.

एक अपवाद ध्यानात ठेवा. प्रोजेस्टेरॉनची मऊ कॅप्सूल काही बायकांना तोंडाने घ्यायला देतात, काहींना योनिमार्गात ठेवायला. तिथे आकार बघून निर्णय करू नका, चिठ्ठी बघा. 'पी/व्ही' म्हणजे योनिमार्गातून, 'पी/आर' म्हणजे गुदद्वारातून, 'एचएस' म्हणजे झोपताना. काकूंच्या चिठ्ठीवर 'पी/व्ही' स्पष्ट होतं. आम्ही पाकिटावर फक्त 'एचएस'चं मराठी केलं.

गिळल्याने काय बिघडतं? क्लोट्रिमाझोलची ही गोळी योनिमार्गातल्या ओलाव्यात विरघळून तिथल्याच बुरशीवर काम करायला बनवलेली असते. पोटात गेली की मळमळ, उलटी होऊ शकते, आणि जिथे हवं तिथे औषध पुरेसं पोचत नाही. बद्धकोष्ठाच्या बिसाकोडिलचं उदाहरण अजून बोलकं आहे. त्याच्या तोंडाने घ्यायच्या गोळीवर आवरण असतं, म्हणून औषध जठरात न सुटता आतड्यात सुटतं. सपोझिटरीला ते आवरण नसतं. गिळली तर पोटात आग आणि मुरडा. पोव्हिडोन आयोडीनच्या पेसरीत तर जखमेवर लावतात तेच औषध असतं.

चुकून गिळलीच तर मुद्दाम उलटी काढू नका. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा किंवा फोन करा. लहान मुलाने गिळली असेल, बाई गरोदर असेल किंवा गिळलेलं औषध दुखण्यावरचं असेल, तर त्रास व्हायची वाट बघू नका. श्वास लागला, शुद्ध हरपू लागली तर १०८.

पुण्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात सपोझिटरी मऊ पडते, कारण ती अंगाच्या उबेला वितळावी अशीच केलेली असते. वेष्टनातच ठेवून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली की पुन्हा घट्ट होते. फक्त चॉकलेटच्या कप्प्यात नको, घरात नातवंडं असतात.

काकूंनी त्या रात्रीपासून गोळी नीट ठेवली, तीही डॉक्टरांना फोनवर विचारून. नव्या पाकिटावर मी लाल पेनाने लिहिलं: 'गिळायची नाही. योनिमार्गात ठेवायची.' त्यांनी ते वाचलं, पाकीट पटकन पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "परवा हेच लिहिलं असतंत तर?"