कड्याजवळ चुंबक येताना व दूर जाताना प्रवर्तित विद्युतधारेची दिशा कशी ठरवावी

टेबलापासून थोड्या उंचीवर तांब्याचे एक कडे आडवे बसवले आहे आणि त्याच्या बरोबर मधून, उत्तर ध्रुव खाली ठेवून, एक पट्टीचुंबक खाली सोडायचा आहे, असे समजू. कड्याकडे कोणत्या बाजूने पाहायचे हे आधीच ठरवावे, कारण वरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिसणारी धारा खालून उलटी दिसते. आपण शेवटपर्यंत वरूनच पाहू.

प्रथम चुंबकाचे क्षेत्र कड्यातून कोणत्या दिशेने जाते ते पाहावे. बलरेषा उत्तर ध्रुवातून बाहेर पडतात, म्हणून येथे त्या कड्यातून खालच्या दिशेने जातात. मग अभिवाह, म्हणजे कड्यातून जाणाऱ्या बलरेषांचे एकूण प्रमाण, वाढतो की घटतो हे ठरवावे. चुंबक जवळ येत असल्याने तो वाढतो. हाइनरिख लेंझ यांनी १८३४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्रवर्तित धारा या बदलाला विरोध करते, म्हणजे तिचे स्वतःचे क्षेत्र वरच्या दिशेने असले पाहिजे. आता उजव्या हाताचा अंगठा वर करावा. वळलेली बोटे ज्या दिशेने फिरतात तीच धारेची दिशा, म्हणजे वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट.

खरी गफलत होते ती चुंबक कड्यातून पार होऊन खाली जात असताना. आता कड्याजवळ दक्षिण ध्रुव आहे, त्यामुळे क्षेत्राची दिशाही उलटली असावी असे अनेकांना वाटते. परंतु बलरेषा दक्षिण ध्रुवात शिरतात आणि तो ध्रुव कड्याच्या खाली आहे. म्हणून कड्यातील क्षेत्र अजूनही खालच्याच दिशेने आहे. बदलले आहे ते एवढेच की अभिवाह आता घटत आहे. विरोध क्षेत्राला नसून बदलाला असल्यामुळे, घटणारे क्षेत्र टिकवण्यासाठी प्रवर्तित क्षेत्रही खालीच असते आणि धारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाहते. चुंबकाचा मध्य कड्याच्या पातळीत येतो त्या क्षणी अभिवाह सर्वाधिक असतो आणि धारा शून्यातून जात दिशा बदलते.

उत्तराचा पडताळा बलावरून घेता येतो. चुंबक येताना कड्याची वरची बाजू उत्तर ध्रुवासारखी वागून त्याला दूर लोटते; जाताना खालची बाजू उत्तर ध्रुवासारखी होऊन चुंबकाच्या दक्षिण ध्रुवाला मागे ओढते. दोन्ही वेळा पतनाला अडथळाच व्हायला हवा. तुमच्या उत्तरानुसार चुंबकाचा वेग कोठूनही ऊर्जा न मिळता वाढत असेल, तर कुठेतरी चिन्ह चुकले आहे. कडे एका जागी कापलेले असेल, तर टोकांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो, पण कड्याभोवती धारा फिरत नाही आणि हा अडथळाही जाणवत नाही.

प्रत्यक्ष तपासायचे झाल्यास कड्याऐवजी पुष्कळ वेढ्यांचे कुंडल गॅल्व्हानोमीटरला जोडावे आणि चुंबक हातानेच आत-बाहेर करावा. काटा कोणत्या धारेला कोणत्या बाजूस वळतो हे आधी एक सेल व मोठा रोध जोडून पाहून ठेवावे. कुंडलाची तार कोणत्या टोकापासून कशी गुंडाळली आहे, हेही निरखावे; ते न पाहता घेतलेल्या निरीक्षणावरून काटा दोन्ही वेळा विरुद्ध बाजूंना जातो एवढेच कळते, कुंडलातील खरी दिशा कळत नाही.