तीन गण, एक वर्कशीट आणि माझा एकच बाण

अकरावीत मला एक वर्कशीट मिळालं होतं, वर तीन कॉलम, अल्कली धातू, हॅलोजन आणि निष्क्रिय वायू, आणि डावीकडे ओळी, म्हणजे स्थिती आणि रंग, उत्कलनांक, क्रियाशीलता, एखादी ठरलेली अभिक्रिया वगैरे. गणात वरून खाली जाताना काय होतं ते प्रत्येक चौकटीत बाणाने दाखवायचं होतं. मी काय केलं, तर क्रियाशीलतेच्या ओळीत तिन्हीकडे "खाली जाताना वाढते" असा एकच बाण काढून मोकळी झाले, कारण सोडियमपेक्षा पोटॅशियम जोरात पेटतं हे डोक्यात पक्कं होतं आणि बाकीचं त्यावरूनच ढकललं. हॅलोजनच्या चौकटीवर मोठी लाल फुली. आता मी स्वतः अशी वर्कशीटं तपासते तेव्हा दिसतं की हीच चूक दर बॅचला कोणी ना कोणी करतंच, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढू.

मला नंतर उमगलं ते एवढंच की या टेबलमध्ये दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र कालवलेले असतात. एक, हा अणू इलेक्ट्रॉनचं काय करतो, देतो का घेतो का दोन्ही नाही. दुसरा, हे कण एकमेकांना किती घट्ट धरून बसलेत. क्रियाशीलता पहिल्या प्रश्नातून येते, द्रवणांक-उत्कलनांक दुसऱ्यातून. चौकट भरायच्या आधी यातला कुठला प्रश्न विचारलाय ते बघायचं, मग बाण पाठ करावे लागत नाहीत.

अल्कली धातूंचं सोपं आहे. बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, तो द्यायचा. खाली जाताना कवचं वाढतात, तो इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो, मधली कवचं आड येतात, आणि तो सुटायला सोपा होतो. लिथियमची पहिली आयनीभवन ऊर्जा मोलला 520 किलोज्यूल, सोडियमची 496, पोटॅशियमची 419. पाण्यात टाकल्यावर लिथियम तरंगत शांतपणे फसफसतं, सोडियम वितळून चकचकीत गोळी होऊन पाण्यावर सैरावैरा पळतं, आणि पोटॅशियमवर लगेच जांभळट ज्योत दिसते. समीकरण तिघांचं एकाच साच्याचं, 2Na + 2H₂O → 2NaOH + H₂, फक्त धातू बदलायचा. इथे मार्क जातात ते निरीक्षणात. "हायड्रोजन तयार झाला" हे निरीक्षण नाहीये, ते आपण काढलेलं अनुमान आहे, दिसतात ते बुडबुडे. तसंच "अल्क तयार झालं" असं लिहू नका, फिनॉल्फथॅलिन घातलेलं पाणी गुलाबी झालं असं लिहा.

याच कॉलममध्ये द्रवणांकाचा बाण मात्र उलटा, लिथियम 180.5 अंश सेल्सिअस, सोडियम 98, पोटॅशियम 63.5 आणि सिझियम तर 28.5 ला वितळतं. कारण तोच बाहेरचा इलेक्ट्रॉन सगळ्या अणूंना धातूबंधाने एकत्र बांधतो, आणि अणू मोठा होत गेला की ती पकड सैल पडते. आणि घनता विचारली तर जरा जपून, कारण ती सरळ वाढत नाही, पोटॅशियम सोडियमपेक्षा हलकं आहे, 0.86 आणि 0.97. दोन आकडे देऊन तिसऱ्याचा अंदाज मागतात तिथे हमखास हाच खड्डा असतो.

आता हॅलोजन, आणि खरी मजा इथेच आहे. यांना एक इलेक्ट्रॉन हवाय. कारण तेच वापरायचं, कवचं वाढतात, अंतर वाढतं, ओढ कमी होते, फक्त इथे ओढ कमी होणं म्हणजे घेण्याची ताकद कमी होणं. म्हणून क्रियाशीलता खाली जाताना घटते. अल्कली धातूंना जे फायद्याचं ठरतं तेच यांना तोट्याचं. ही एक ओळ मला तेव्हा कोणी सांगितली असती तर लाल फुली वाचली असती.

वर्कशीटमध्ये याची परीक्षा विस्थापनाच्या टेबलने घेतात. क्लोरीन वॉटर, ब्रोमीन वॉटर आणि आयोडीनचं द्रावण एका बाजूला, पोटॅशियम क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड दुसऱ्या बाजूला, आणि कुठल्या जोडीत अभिक्रिया झाली ते सांगायचं. स्वतःच्याच मीठाशी जोडी काढायची गरज नाही म्हणजे उरल्या सहा. त्यातल्या तीनच होतात: क्लोरीन ब्रोमाइडमधून ब्रोमीन काढतं, क्लोरीन आयोडाइडमधून आयोडीन काढतं, ब्रोमीन आयोडाइडमधून आयोडीन काढतं. Cl₂ + 2KBr → 2KCl + Br₂ हा साचा. पोटॅशियम नुसतं बघत बसलेलं असतं, म्हणून आयनिक समीकरणात ते गाळायचं, Cl₂ + 2Br⁻ → 2Cl⁻ + Br₂. नावात घोळ घालू नका, "क्लोरीनने ब्रोमीनला विस्थापित केलं" चालतं पण "क्लोराइडने ब्रोमाइडला" असं लिहिलं की गेलं, क्लोराइडला इलेक्ट्रॉन आधीच मिळालाय, त्याला आता काही नको असतं.

मी प्रॅक्टिकलला बसले तेव्हा ब्रोमीन वॉटर आणि पोटॅशियम क्लोराइडच्या नळीत केशरी रंग बघून "रंग आला, अभिक्रिया झाली" असं ठोकून दिलं. अरे पण केशरी तर ब्रोमीन वॉटर मुळातच होतं! रंग आला का हा प्रश्नच चुकीचा, रंग बदलला का हे बघायचं. त्यासाठी शेजारी एक नळी ठेवायची ज्यात तेवढंच ब्रोमीन वॉटर आणि मीठाच्या द्रावणाऐवजी तेवढंच साधं पाणी, आणि दोन्ही पांढऱ्या कागदासमोर धरायच्या. सारख्या दिसल्या तर काही झालेलं नाही.

दुसरी अडचण म्हणजे पातळ केलेलं ब्रोमीन आणि पातळ आयोडीन पाण्यात जवळजवळ सारखेच पिवळट-तपकिरी दिसतात, नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. म्हणून थोडं हेक्झेन घालून, बूच लावून नळी हलवतात. हेक्झेन पाण्यात मिसळत नाही, वर थर करून राहतं आणि हॅलोजन त्यात जास्त विरघळतं, मग वरचा थर केशरी असेल तर ब्रोमीन आणि जांभळा असेल तर आयोडीन, इथे शंकेला जागाच नाही. हेक्झेन पेट घेणारं आहे तेव्हा बर्नर बंद. आयोडीनसाठी स्टार्चही चालतं, निळा-काळा रंग येतो.

आणि एक गंमत, आयोडाइडमध्ये क्लोरीन वॉटर थेंबाथेंबाने घातलं तर तपकिरी होतं, पण कोणी घाईत बदाबदा ओतलं तर तो तपकिरी रंग पुन्हा जातो, कारण जास्तीचं क्लोरीन आयोडीनला आणखी पुढे ऑक्सिडाइज करून आयोडेट बनवतं जे रंगहीन आहे. आमच्या टेबलवरच्या मुलीने "अभिक्रिया नाही" लिहिलं होतं आणि तिची चूक निरीक्षणात नव्हती, ओतण्यात होती. फ्लोरीन या टेबलमध्ये का नाही असा प्रश्न आला तर उत्तर "ते फार क्रियाशील आहे" एवढ्यावर सोडू नका, ते पाण्याशीच अभिक्रिया करतं, म्हणून त्याचं पाण्यातलं द्रावण बनवून वापरताच येत नाही.

उत्कलनांक मात्र हॅलोजनमध्ये खाली जाताना वाढतो, क्लोरीन -34 ला उकळतं, ब्रोमीन 59 ला, आयोडीन 184 ला, म्हणूनच साध्या तापमानाला पहिलं वायू, दुसरं द्रव, तिसरं स्थायू. इथे मुलं हमखास लिहितात की "बंध मजबूत होतात". कुठला बंध? Cl–Cl हा अणूंमधला बंध उकळताना तुटतच नाही. वाढतं ते रेणूरेणूंमधलं आकर्षण, कारण रेणू मोठा, इलेक्ट्रॉन जास्त.

निष्क्रिय वायूंना पण हेच लागू पडतं, फक्त त्यांचे कण म्हणजे एकेकटे अणू, He₂ वगैरे काही नसतं. यांच्यावरचा ठरलेला प्रश्न असा: निऑनचा उत्कलनांक -246, क्रिप्टॉनचा -153, तर आर्गॉनचा अंदाज करा. मधला आकडा काढला की -199.5 येतो, खरा आहे -186. म्हणजे दिशा बरोबर, पण पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, त्यामुळे तपासताना मी दोन्हीच्या मधला कुठलाही समजूतदार आकडा मान्य करते. मार्क जातात ते उणे चिन्हाने. -246, -186, -153 बघून अर्धा वर्ग म्हणतो उत्कलनांक कमी होतोय, कारण आकडा लहान होत चाललाय. थर्मामीटर उभा आहे असं समजून त्यावर खुणा करा, -153 वर येतं, -246 खाली. अजून एक, "सगळ्यांच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन" असं लिहू नका, हीलियमकडे दोनच आहेत, कारण त्याचं पहिलं कवच दोनातच भरतं.

क्रियाशीलतेच्या चौकटीत शाळेच्या वर्कशीटला "नाही" एवढंच हवं असतं आणि तेच लिहा, पण "कधीच नाही" लिहू नका. 1962 साली नील बार्टलेट यांच्या लक्षात आलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतून सुद्धा इलेक्ट्रॉन ओढून घेतं, आणि झेनॉनची आयनीभवन ऊर्जा ऑक्सिजनच्या रेणूइतकीच आहे, साधारण 1170, तर मग झेनॉन का नाही? त्यांनी दोन्ही एकत्र केले आणि पिवळसर स्थायू मिळाला. हीलियमकडून असं काही करून घ्यायचं तर 2372 मोजावे लागतील, झेनॉनचा बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब आहे म्हणून त्याचा कमीत सुटतो, अगदी पोटॅशियमचा सुटतो त्याच कारणाने. म्हणजे अकरावीत मी तिसऱ्या कॉलममध्ये काढलेला तो "खाली जाताना वाढते" बाण तसा फार चुकीचा नव्हता, पण कारण विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं, तेव्हा तो मार्क गेला तो बरोबरच गेला.