विभागवार तरतुदीचा आलेख: थर लावायचे की स्तंभ शेजारी ठेवायचे?

जिल्हा परिषद, पंचायत समिती किंवा एखाद्या संस्थेच्या लेखा शाखेत नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मी परभणीची, शिक्षण बीकॉम. एक्सेल येतं, सूत्रं येतात, बेरीज जुळते, हे सगळं तुम्हालाही येतच असणार. मला जड गेलं ते पुढचं. चार विभागांच्या खर्चाच्या बाबी एकाच आलेखात दाखवायच्या म्हटलं की थरांचा विभाजित स्तंभालेख घ्यावा की शेजारी स्तंभांचा जोडस्तंभालेख, हे कुणी नीट सांगत नव्हतं. शाळेच्या गणितात दोन्ही काढले होते. कोणता कधी वापरायचा, हे मात्र तिथेही नव्हतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. `Recommended Charts` वर बोट ठेवून जो आलेख येईल तो साहेबांपुढे ठेवू नका. आमच्या भागातल्या बहुतेक संगणक क्लासमध्ये हेच शिकवतात, आणि माझ्या मते त्यातून नुकसानच होतं. तुम्हाला कोणत्या प्रश्नाचं उत्तर दाखवायचं आहे, हे एक्सेलला ठाऊक नसतं. ते फक्त आकडे कसे मांडले आहेत ते पाहतं.

आता उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते सोपे धरले आहेत, लाख रुपयांत.

| विभाग | मानधन | दुरुस्ती | साहित्य खरेदी | एकूण |
|---|---|---|---|---|
| आरोग्य | 60 | 25 | 35 | 120 |
| शिक्षण | 20 | 70 | 30 | 120 |
| पशुसंवर्धन | 15 | 20 | 40 | 75 |
| समाजकल्याण | 10 | 15 | 45 | 70 |

यातला एकूणचा रकाना सोडून बाकीचे आकडे निवडा आणि `Stacked Column` घ्या. चार स्तंभ उभे राहतील, प्रत्येकात तीन थर. खाली मानधन, मधे दुरुस्ती, वर खरेदी. दिसायला सुबक, कागदावर जागा कमी, म्हणून सगळ्यांना आवडतो.

आता त्याच आलेखाकडे पाहून सांगा, खरेदीवर सर्वात जास्त तरतूद कोणत्या विभागाची?

नजर आधी आरोग्य आणि शिक्षणाकडे जाते, कारण त्यांचा खरेदीचा थर उंचावर, 120 च्या रेषेला टेकलेला असतो. समाजकल्याणचा थर 70 वरच संपतो. प्रत्यक्षात समाजकल्याणची खरेदी 45 लाख आहे, चौघांत सर्वात जास्त, आणि शिक्षणाची 30 लाख, सर्वात कमी. एकूण तरतुदीत शेवटी असलेला विभाग खरेदीत पहिला आहे, आणि आलेखाने नेमकं तेच झाकून टाकलं. एकही आकडा चुकलेला नाही, तरी वाचणारा चुकीचं उत्तर घेऊन उठतो.

असं का होतं, ते सावकाश समजून घ्या, कारण सगळं इथेच अडतं. आरोग्याचा खरेदीचा थर 85 पासून सुरू होऊन 120 ला संपतो. शिक्षणाचा 90 पासून 120, पशुसंवर्धनाचा 35 पासून 75, समाजकल्याणचा 25 पासून 70. चारही थरांची सुरुवात वेगवेगळ्या उंचीवर. एका पोराला ओट्यावर आणि दुसऱ्याला जमिनीवर उभं करून दोघांत उंच कोण म्हणून विचारावं, तसं हे आहे. डोळ्याला आधी टोक दिसतं, लांबी नंतर. आणि लांबी कळायला मनातल्या मनात वजाबाकी करावी लागते, 120 वजा 85, 70 वजा 25. बैठकीत आलेखावर अर्धा मिनिट नजर टाकणारा माणूस ती करत नाही.

सर्वात खालच्या थराला ही अडचण नाही. मानधनाचे चारही थर शून्यापासून निघतात, म्हणून 60, 20, 15, 10 हा उतरता क्रम लगेच दिसतो. पूर्ण स्तंभाचं टोकही शून्यापासूनच मोजलं जातं, म्हणून एकूण तरतूद बरोबर कळते. थरांच्या आलेखात विभागाविभागांत भरवशाने ताडून पाहता येतात त्या गोष्टी दोनच, सर्वात खालचा थर आणि एकूण उंची. मधले-वरचे थर अंदाजाचे. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी 1984 मध्ये माणसं आलेख कसा वाचतात याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतही एकाच रेषेवरून निघालेल्या खुणा माणसं सर्वात अचूक ताडतात, आणि सुटी लांबी ताडताना जास्त चुकतात, असंच दिसलं होतं.

स्वतः तपासायचं असेल तर आलेखाची प्रिंट काढा आणि त्यावर फूटपट्टी आडवी ठेवा. ती वर-खाली सरकवून तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत असेल तर आलेख योग्य. पट्टी बाजूला ठेवून वजाबाकी करावी लागत असेल तर तो आलेख त्या प्रश्नासाठी नाही. मी अजूनही हे करते, लाज वाटत नाही.

इतकं वाचून घाबरू नका. बहुतेक वेळा दुरुस्ती एका मिनिटाची असते. तेच आकडे ठेवून `Change Chart Type` मधून `Clustered Column` करा. मात्र इथे आणखी एक गोम आहे. विभाग ओळींत आणि बाबी रकान्यांत असतील, तर एक्सेल विभागवार गट करतं. आरोग्याचे तीन स्तंभ, मग शिक्षणाचे तीन, असं. यातून आरोग्याची जास्त तरतूद कशावर ते कळतं. पण खरेदीत पुढे कोण, यासाठी नजरेला प्रत्येक वेळी दोन परके स्तंभ ओलांडून जावं लागतं. म्हणून `Chart Design` मध्ये जाऊन `Switch Row/Column` दाबा. आता तीन गट होतील. खरेदीच्या गटात 35, 30, 40, 45 असे चार विभाग खांद्याला खांदा लावून उभे राहतील, आणि समाजकल्याण पहिलं आहे हे कुणाला सांगावं लागणार नाही.

ज्यांची तुलना करायची ते एकमेकांच्या शेजारी, एवढंच धोरण. बाबींची तुलना हवी तर गट विभागाचा, विभागांची तुलना हवी तर गट बाबीचा. आणि पुढच्या वेळी दोन बाबी वाढवून नवा आलेख काढलात की तो आपोआप उलटा येईल. ओळी आणि रकाने यांपैकी ज्यांची संख्या जास्त, ते एक्सेल आडव्या अक्षावर घेतं. चार विभाग आणि तीन बाबी असताना विभाग खाली होते, पाच बाबी झाल्या की बाबी खाली येतात. मशीन बिघडलेलं नसतं, हवे ते गट आले नसतील तर तेच बटण पुन्हा दाबायचं.

शेजारी स्तंभ ठेवण्यात एक तोटा आहे. एकूण तरतूद दिसेनाशी होते. आरोग्य 120 आणि समाजकल्याण 70, हा फरक त्या आलेखात कुठेच नसतो. मी विभागाच्या नावातच एकूण आकडा लिहिते, ‘आरोग्य, एकूण 120’ असा. दुसरी मर्यादा गर्दीची. आठ विभाग आणि पाच बाबी म्हणजे चाळीस स्तंभ, ते कुणीही वाचत नाही. तेव्हा प्रत्येक बाबीचा छोटा वेगळा आलेख करा आणि सगळ्यांच्या उभ्या अक्षाला किमान 0 आणि कमाल सारखीच द्या. अक्ष एक्सेलवर सोडलात तर प्रत्येक आलेखाचं माप वेगळं होईल आणि 20 लाखांचा स्तंभ शेजारच्या आलेखातल्या 70 लाखांएवढा दिसेल.

मग थरांचा आलेख वापरायचाच नाही का? वापरायचा. कोणत्या विभागाला एकूण किती, आणि त्यात एका ठरावीक बाबीचा वाटा किती, एवढंच सांगायचं असेल तर तोच चांगला. फक्त ती बाब तळाशी आणा. `Select Data` मध्ये खरेदी निवडून वरच्या बाणाने यादीत पहिली केली की ती स्तंभाच्या तळाशी जाते. आता समाजकल्याणचे 45 आणि एकूण 70, दोन्ही शून्यापासून वाचता येतात.

शतमान स्तंभालेख, म्हणजे सगळे स्तंभ 100 टक्क्यांचे, त्याबाबत मी जरा कडक आहे. त्यात समाजकल्याणची खरेदी 64 टक्के दिसेल आणि आरोग्याची 29 टक्के. वाटणी म्हणून हे खरं आहे. पण रुपयांत फरक 10 लाखांचाच आहे, आणि तो आलेख पाहून कुणी दुपटीची खरेदी समजला तर दोष त्याचा नाही. हा आलेख दिलात तर प्रत्येक स्तंभाखाली एकूण रक्कम लिहाच. त्याचा एक फायदाही आहे, सर्वात वरचा थरही 100 च्या रेषेवरून सरळ ताडता येतो.

आता जी चूक माफ होत नाही ती. तरतूद आणि झालेला खर्च यांचे थर एकमेकांवर कधीही लावू नका. तरतूद 45 लाख आणि खर्च 30 लाख असेल तर थर लावल्यावर स्तंभ 75 लाखांचा होतो, आणि असे 75 लाख अस्तित्वातच नाहीत. खर्च हा तरतुदीतूनच झालेला असतो. दोन्ही शेजारी ठेवा. थरच हवे असतील तर खाली झालेला खर्च 30 आणि वर अखर्चित 15 लावा, म्हणजे उंची बरोबर 45 येईल. थर लावण्याआधी स्वतःला विचारा की या तुकड्यांची बेरीज केली तर काही अर्थ निघतो का.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. आलेख शिकायला एक्सेलचा तज्ज्ञ शोधू नका, कागदावरचे आकडे वाचणारा जुना माणूस शोधा. आमच्या शाखेत निवृत्तीला आलेले एक काका होते. मी रंगीत आलेख घेऊन गेले की ते चष्मा वर करून एवढंच म्हणायचे, “बाई, खरेदीत पुढं कोण हाय ते दाखव, बाकी ऱ्हाऊ दे.” त्या एका वाक्याने आलेखाचा प्रकार ठरून जायचा. व्हिडिओ जरूर पाहा, पण बटणं कुठे आहेत एवढ्यासाठीच.

शेवटचं काम छपाईचं. तालुक्याच्या ठिकाणी आलेख रंगीत राहत नाही, त्याची झेरॉक्स निघते. एक्सेलच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये आपोआप येणारे रंग निळा, नारिंगी आणि करडा असे आहेत. त्यातला नारिंगी आणि करडा काळ्या-पांढऱ्या छपाईत जवळजवळ सारखेच दिसतात, मग थर असोत की शेजारचे स्तंभ, कोणता कुणाचा ते ओळखू येत नाही. म्हणून एकाच रंगाच्या गडद, मध्यम आणि फिक्या छटा घ्या, ज्या बाबीवर चर्चा आहे तिला गडद छटा द्या आणि तिचे आकडे थेट स्तंभावर लिहा. प्रती काढायला देण्याआधी एक प्रत काळ्या-पांढऱ्यात काढून टेबलावर हातभर अंतरावरून पाहून घ्या.