सपाट पाय की उंच कमान: बूट घेताना ओल्या ठशावर थांबू नका

बडोद्यातल्या आमच्या जुन्या घरात कोटा फरशी आहे. ओल्या पायाचा ठसा तिच्यावर इतका स्वच्छ उमटतो की वेगळा कागद लागत नाही. पाय ओले करून दोन पावलं टाका आणि मागे वळून बघा. अख्खा तळवा उमटला तर पाय सपाट. टाच आणि चवडा यांना जोडणारी पट्टी अगदी बारीक असली किंवा मुळीच नसली, तर कमान उंच. मधलं काही दिसलं तर पाय साधारण.

एवढं करून लोक दुकानात जातात. मीही गेले होते. माझा ठसा भाकरीसारखा सपाट, आणि ते सांगताच दुकानातल्या मुलाने सर्वांत जाड, सर्वांत कडक जोडी पुढे ठेवली: "बेन, फ्लॅट फूट छे तो आ ज लेवाय." घेतली. रोज सकाळी कमाटीबागेत पळायचे. तिसऱ्या आठवड्यात तळव्याच्या आतल्या बाजूला फोड आला आणि गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागली. पाय सपाट होता हे खरं, पण त्याला आवर घालायची गरज नव्हती.

सपाट पाय हा आजार नाही. ठसा सांगतो की उभं राहिल्यावर तळवा जमिनीला किती टेकतो. पळताना पाय किती आणि कधी आत कलंडतो, हे तो सांगत नाही, आणि बूट मात्र तेच कलंडणं लक्षात घेऊन बनवलेले असतात. २००९-१०च्या सुमारास अमेरिकन सैन्यातल्या नव्या भरतीवर असेच प्रयोग झाले. काही जणांना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणून "सपाट म्हणजे सपोर्ट, उंच म्हणजे गादी" हे सूत्र मी सुरुवातीपुरतंच मानते.

खरी परीक्षा

आधी पाय लवचिक आहे की कडक, ते बघा. अनवाणी उभं राहून दोन्ही टाचा उचला, चवड्यांवर या आणि घरातल्या कुणाला तरी मागून बघायला सांगा. टाच वर जाताच तळव्याखाली कमान दिसू लागली आणि टाच थोडी आत वळली, तर तुमचा सपाट पाय लवचिक आहे. बहुतेकांचा असाच असतो. कमान उमटतच नसेल तर पाय कडक आहे, आणि तो दुखतही असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मोठेपणी एकच पाय सपाट होत चालला असेल, घोट्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहून टाच उचलता येत नसेल, तर तो स्नायूच्या दोरीचा त्रास असू शकतो. बूट बदलून तो बरा होत नाही.

मग फोनचा व्हिडिओ. फोन जमिनीलगत विटेला टेकवा, स्लो मोशन लावा, आणि त्याच्यापासून लांब जात सावकाश पळा. नेहमीचे साधे बूट घालून एकदा आणि अनवाणी एकदा. आता टाचेकडे बघा. टाच बाहेरच्या कडेवर टेकते आणि मग पाय थोडा आत येतो. हे सगळ्यांचंच होतं, धक्का जिरवायची ती शरीराची सोय आहे. माझी फसगत इथेच झाली होती. पाय आत आलेला दिसला आणि मी घाबरले. बघायचं ते पुढचं. टाच उचलायच्या क्षणापर्यंत पाय पुन्हा सरळ होतो का? माझा होत होता. माझ्या भाच्याचा होत नव्हता. टाच सुटली तरी घोटा आतच पडलेला, गुडघाही त्याच्यामागे आत. ठसा दोघांचा सारखाच, पण त्याला आधाराचे बूट मानवले आणि मला साधे.

जुन्या बुटाची टाच बाहेरून झिजलीय म्हणून "माझा पाय बाहेर पडतो" असं ठरवू नका. वर सांगितलं तसं टेकणं बाहेरच्या कडेवर होतं, म्हणून तिथली झीज बहुतेकांचीच असते. त्यापेक्षा जोडी टेबलावर ठेवा आणि मागून बघा. टाचेचा भाग आत झुकलाय की बाहेर, ते जास्त बोलकं असतं.

दुकानात

संध्याकाळी जा, पळायचे मोजे घेऊन जा. माप उभं राहूनच द्या, कारण वजन पडलं की लवचिक सपाट पाय लांब आणि रुंद होतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

आधाराचे बूट ओळखायला लेबल वाचायची गरज नाही. तळाच्या फोमची आतली बाजू, कमानीखालची, अंगठ्याने दाबा, मग बाहेरची दाबा. आतली स्पष्ट कडक लागली तर तो आधाराचा बूट. हल्ली काही कंपन्या कडक फोम न घालता टाचेच्या दोन्ही बाजूंना उंच कडा देतात. भाच्यासारख्या पायाला मी आधी हाच सौम्य प्रकार घालून बघायला सांगेन. पाय सपाट पण पळताना सावरणारा असेल, तर साधे म्हणजे न्यूट्रल बूट घ्या, फक्त रुंद. बुटातली गादी बाहेर काढून तिच्यावर उभे राहा. पाय कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट अरुंद आहे, मग कितीही आवडो.

उंच कमानीचा प्रश्न उलटा. असा पाय ताठ असतो, आत फारसा येत नाही, त्यामुळे धक्का नडगीपर्यंत जातो आणि घोटा बाहेर मुरगळण्याची भीती राहते. माझ्या दिरांना "कमान उंच आहे, आधार भरून घ्या" असा सल्ला मिळाला होता. कमानीखाली टेकू घातलेल्या कडक बुटाने त्यांचा पाय आणखीच बाहेर ढकलला गेला. अशा पायाला न्यूट्रल, मऊ, चवड्यापाशी सहज वाकणारा बूट हवा. बूट पायाच्या वरच्या उंचवट्यावर दाबत असेल तर नंबर वाढवू नका. त्या उंचवट्यावरच्या एका जोडी भोकांमध्ये लेस आडवी न नेता दोन्ही बाजूंनी सरळ वर ओवा. दिरांची बोटं बधिर होणं तेवढ्यानेच थांबलं.

दोन्ही पायांत घालून दुकानातच मिनिटभर पळा. लोक बघतात, बघू देत. नवे बूट घरी आणल्यावर पहिले दोन दिवस फरशीवरच वापरा, तळ मळला की परत घेत नाहीत. मग आठवडाभर नेहमीच्या निम्मंच पळा. कमानीखाली काहीतरी टोचत राहिलं तर आधार जास्त झालाय. नडगीच्या आतल्या कडेला दुखू लागलं तर पळणं थांबवा, तो भाग बोटाने चाचपून बघा. एकाच बिंदूवर खुपत असेल तर डॉक्टरांना दाखवा. दुखणं कडेभर पसरलेलं असेल तर विश्रांती घ्या, आणि त्याच जोडीत तो व्हिडिओ पुन्हा काढून बघा.