अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थ्यासाठी शिफारसपत्र कसं लिहावं

मी भूगोल शिकवते. काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी शिफारसपत्र मागायला आली. तिला पाणी-व्यवस्थापनात एमएस्सी करायचं होतं. एक अर्ज भारतातल्या सरकारी विद्यापीठात आणि एक अमेरिकेत. मी त्याच रात्री पत्र लिहून टाकलं आणि सकाळी वाचलं तेव्हा माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. अकरा वाक्यांपैकी सात तिच्या डोळ्यांबद्दल होती. जिद्द, चिकाटी, दृष्टिदोषावर मात, सगळं काही होतं. तिने दोन वर्षं मोजलेल्या विहिरींना मात्र एकच वाक्य मिळालं होतं.

ते पत्र फाडून दुसरं कसं लिहिलं, ते क्रमाने सांगते.

आधी तिच्याशी बोला

पहिला प्रश्न असा: पत्रात डोळ्यांचा उल्लेख हवा आहे का? याचं उत्तर विद्यार्थ्याचं, आपलं नाही. काहींना नको असतो. तो नको असेल तर विषय तिथेच संपतो, "चांगल्या हेतूने" आडून सुचवायचंही नाही. हवा असेल तर पुढचा प्रश्न, कशासाठी हवा आहे? माझ्या विद्यार्थिनीचं उत्तर नेमकं होतं. "मॅडम, दुसऱ्या वर्षाचे प्रॅक्टिकलचे मार्क बघून ते विचारणारच. ते एवढं सांगा. बाकी मी माझ्या निवेदनात लिहिलंय."

अमेरिकेच्या अर्जात एक अडचण असते. तिथल्या १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला प्रवेशानंतर आपल्या फायलीतली पत्रं पाहण्याचा हक्क आहे, आणि अर्ज भरताना बहुतेकजण तो हक्क सोडल्याच्या चौकटीत खूण करतात, कारण गोपनीय पत्राला जास्त वजन मिळतं. म्हणजे पत्र तिला दाखवायचं नाही, पण त्यात तिच्या शरीराबद्दल एक वाक्य आहे. मी मधला मार्ग काढला. तेवढं एक वाक्य तिला वाचून दाखवलं, तिने एक शब्द बदलायला सांगितला, मी बदलला. बाकीचं पत्र तिने पाहिलं नाही.

याच भेटीत तिच्याकडून अभ्यासक्रमाचं नाव, तिचं निवेदन, गुणपत्रकं आणि प्रकल्प-अहवाल मागून घ्या. आपण तिला काही पाठवणार असू, उदाहरणार्थ तारखांची यादी, तर ती वर्ड फाईल किंवा साधा ईमेल म्हणून पाठवा. हाताने लिहिलेल्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो तिच्या उपयोगाचा नाही.

प्रमाणपत्राचं काम पत्राला देऊ नका

सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी असतात, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे. त्यासाठी ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित असावं लागतं. त्याचा पुरावा म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड हे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि ते अर्जासोबत स्वतंत्र जोडलं जातं. शिफारसपत्रात टक्केवारी, आजाराचं नाव, "या विद्यार्थिनीचा सहानुभूतीने विचार व्हावा" यांतलं काहीही लिहू नये. अमेरिकेत तर सरकारी निधी घेणाऱ्या विद्यापीठांना प्रवेशापूर्वी अपंगत्वाबद्दल विचारायलाच सहसा मनाई आहे. मोठ्या टाइपातली पुस्तकं, परीक्षेत जादा वेळ वगैरे सोयी प्रवेशानंतर वेगळं कार्यालय पाहतं. प्रवेश समितीला पत्रातून एवढंच कळायला हवं की ही मुलगी अभ्यास कसा करते.

जादा वेळेबद्दलही एक सांगायला हवं. आपल्याकडे अशा विद्यार्थ्याला परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. "जादा वेळ घेऊन का होईना, तिने ७८ टक्के मिळवले" असं वाक्य मी एका सहकाऱ्याच्या पत्रात वाचलं आहे. तो वेळ वाचायला लागतो, विचार करायला नाही. पत्रात त्याचा उल्लेख केला की वाचणारा मनातल्या मनात ते ७८ कमी करून टाकतो.

आपल्या वहीतून पुरावा काढा

पत्राचा दोनतृतीयांश भाग इथे जातो. हजेरीची वही, प्रॅक्टिकलचं जर्नल, प्रकल्पाचे मसुदे आणि त्यांवरचे आपलेच शेरे काढून बसा. शोधायचा तो एक प्रसंग, ज्यात विद्यार्थी विचार करताना दिसतो.

माझ्या विद्यार्थिनीने धुळे जिल्ह्यातल्या तिच्या गावच्या ३८ विहिरींची पाणीपातळी मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजली होती. टेप विहिरीत सोडायचा, आकडा सोबतच्या भावाने वाचायचा, तिने फोनमध्ये बोलून नोंदवायचा. दोन विहिरी एकमेकींपासून दीडशे मीटरवर, पण पातळीत सहा मीटरचा फरक. पहिल्या मसुद्यावर मी "मोजणीची चूक?" असा शेरा मारला होता. ती परत गेली, पुन्हा मोजलं, फरक तेवढाच निघाला. मग तिने विहीर खोदणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मधे काळ्या दगडाची उभी भिंत लागली होती, सुरुंग लावूनही फुटेना. ती भिंत म्हणजे बेसाल्टमध्ये घुसलेली डाईक. धुळे-नंदुरबार भागात अशा डाईक पुष्कळ आहेत आणि त्या जमिनीखालचं पाणी अडवतात. माझ्या विद्यार्थिनीने त्या डाईकची रेषा नकाशावर पुढे वाढवली आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या आणखी चार विहिरी तपासल्या.

पत्रात हे असं गेलं (मूळ इंग्रजीत होतं, इथे मराठीत देते):

"दोन शेजारच्या विहिरींतील सहा मीटरचा फरक मी मोजणीची चूक समजले होते. तिने तो चूक मानला नाही. पुन्हा मोजणी करून, विहीर खोदणाऱ्याकडून खडकाची माहिती घेऊन आणि आणखी चार विहिरी तपासून तिने भूजल अडवणाऱ्या डाईकची शक्यता मांडली. मार्गदर्शक म्हणून मी चुकले होते, ती बरोबर होती."

यात डोळ्यांचा उल्लेख नाही. भावाने आकडा वाचल्याचाही नाही. कुठल्याही क्षेत्रकामात टेप एकाने धरायचा आणि आकडा दुसऱ्याने लिहायचा असतोच.

दृष्टीबद्दलचं वाक्य

आता ते एक वाक्य. तिच्या डोळ्यांत मध्यभागी दिसत नाही, कडेचं दिसतं. चष्म्याने ते सुधारत नाही, अक्षर मोठं केलं की वाचता येतं. अशी माणसं काठीशिवाय शेतातून चालतात आणि तरी फळा वाचू शकत नाहीत, म्हणून अनोळखी माणसाचा गोंधळ होतो. बोलताना ती समोरच्याच्या तोंडाकडे न बघता थोडं बाजूला बघते, कारण तिथूनच तिला चेहरा दिसतो. मुलाखत असेल तर हे आधी सांगायचं का, तेही तिलाच विचारा. माझ्या विद्यार्थिनीने "मुलाखतीत मीच सांगेन" म्हटलं.

आजाराचं नाव न लिहिता काम कसं चालतं ते लिहावं, आणि ते गुणपत्रकातल्या ज्या जागेला लागू आहे तिथेच:

"दुसऱ्या वर्षीच्या नकाशा-वाचन प्रात्यक्षिकात तिला ५० पैकी २१ गुण आहेत. त्या परीक्षेत नकाशा छापील आकारात दिला होता. तिची दृष्टी अल्प असून ती नकाशे संगणकावर मोठे करून वाचते. तिसऱ्या वर्षी तसे वाचायला मिळाल्यावर त्याच प्रकारच्या प्रात्यक्षिकात तिला ४१ गुण मिळाले."

ज्यांनी टोपोशीट, म्हणजे स्थलदर्शक नकाशा, हाताळलं आहे त्यांना हे लगेच कळेल. १:५०,००० च्या नकाशावर एका सेंटिमीटरमध्ये अर्धा किलोमीटर मावतो आणि दर २० मीटरची तपकिरी समोच्च रेषा केसाएवढी असते. ए-फोरचं ए-थ्री केलं तरी लांबी १.४ पट होते, तेवढ्याने भागत नाही. तिला स्कॅन केलेला नकाशा पडद्यावर चौपट लागायचा. पण हा सगळा तपशील पत्रात घालू नका. दोन आकडे आणि त्यांमधला फरक कशाने पडला, एवढंच पुरतं. परीक्षा घेणाऱ्यांवर टीका तर अजिबात नको, समितीला तुमच्या भांडणात रस नसतो. तिने "दृष्टिदोष" शब्द काढून "दृष्टी अल्प" करायला लावलं, तो बदल इथलाच.

तुलना कोणाशी

तुलना सगळ्या वर्गाशी करा. "दिव्यांग विद्यार्थ्यांमध्ये उत्कृष्ट" म्हटलं की समिती समजते, इतरांमध्ये नाही. "डोळस मुलांच्याही पुढे" हा त्याच चुकीचा दुसरा अवतार. मी लिहिलं, "नऊ वर्षांत तपासलेल्या सुमारे दीडशे प्रकल्पांपैकी पहिल्या पाचांत." ऑनलाइन फॉर्ममध्ये वरचे ५ टक्के, १० टक्के अशा चौकटी असतात. तिथली खूण पत्राशी जुळली पाहिजे. पत्रात पहिल्या पाचांत आणि फॉर्मवर वरच्या २५ टक्क्यांत असं झालं तर फॉर्मवर विश्वास ठेवला जातो.

उणिवा विचारल्या तर डोळे तिथे लिहू नका. तिची खरी उणीव संख्याशास्त्र होती. सरासरीच्या पुढे तिने फारसं केलं नव्हतं. मी तेच लिहिलं, आणि त्यासाठी ती सुट्टीत कोणता अभ्यासक्रम करत होती तेही.

पाठवण्यापूर्वी

दृष्टीबद्दलची वाक्यं अंगठ्याने झाकून उरलेलं पत्र वाचा. त्यावर प्रवेश द्यावासा वाटला पाहिजे. माझं पहिलं पत्र असं झाकलं असतं तर चारच वाक्यं उरली असती.

भारतातल्या अर्जासाठीही हेच पत्र गेलं, फक्त अभ्यासक्रमाचं नाव बदललं. दिव्यांग कोट्यासाठी वेगळं भावनिक पत्र लिहायचा मोह झाला होता, टाळला.

पीडीएफ वर्डमधूनच तयार करा. सही-शिक्क्यासाठी छापून पुन्हा स्कॅन केलं की पानाचं चित्र होतं, आणि समितीतही मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणारा कोणी असू शकतो, त्याला चित्र वाचता येत नाही. सहीचं चित्र वर्ड फाईलमध्ये घाला. तपासायचं असेल तर पीडीएफमधली एक ओळ माउसने निवडून बघा, निवडली गेली तर मजकूर आहे, नाही तर चित्र. महाविद्यालयाचा ईमेल पत्ता द्या, खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राबद्दल काही विद्यापीठं उलट चौकशी करतात.

वर्ड फाईल जपून ठेवा. सहा महिन्यांनी शिष्यवृत्तीसाठी तेच पत्र पुन्हा लागतं. तेव्हा दृष्टीबद्दलचं वाक्य ठेवायचं का, हे तिला नव्याने विचारा. माझ्या विद्यार्थिनीने त्या वेळी ते काढायला सांगितलं, कारण शिष्यवृत्तीच्या फॉर्ममध्ये गुणपत्रक मागितलंच नव्हतं.