बायकोची तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली: नवऱ्यानं टाळायच्या चुका

सोयाबीन निघालं होतं आणि कापसाची पहिली वेचणी सुरू होती. त्या दिवसांत एक भाऊ आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशनाच्या खोलीत आले. बसण्याआधीच त्यांनी लॅबचा कागद टेबलावर ठेवला. “पाहा सर, माहा सारा रिपोर्ट निगेटिव्ह हाये. मंग तिच्यात आलं कुठून?”

आठ दिवसांपूर्वी गावच्या उपकेंद्रात बायकांची गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी झाली होती. त्यांच्या बायकोचं वय ३६, लग्नाला सतरा वर्षं, दोन मुलं, ऑपरेशन झालेलं. सिस्टरनं पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं औषध लावून पाहिलं, पांढरा चट्टा दिसला आणि पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिली. बोलता बोलता कुणीतरी ‘एचपीव्ही’ म्हणालं. यांनी ऐकलं ‘एचआयव्ही’. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन यांनी पैसे भरून रक्त दिलं. कागदावर एचआयव्ही, सिफिलिसची व्हीडीआरएल आणि कावीळ बी होतं, तिन्ही निगेटिव्ह. तेव्हापासून घरात बोलणं बंद, आणि बायको माहेरी जायच्या तयारीत.

हा गोंधळ मी इतक्यांदा पाहिलाय की आता पहिल्या भेटीतच दोन्ही नावं कागदावर लिहून दाखवतो. एचआयव्ही वेगळा, एचपीव्ही वेगळा. एचआयव्ही एड्सचा विषाणू, तर एचपीव्हीच्या काही प्रकारांमुळे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो.

निगेटिव्ह कागद हातात घेऊन भांडू नका

त्या कागदावर एचपीव्हीची तपासणीच नव्हती. हा विषाणू कातडीत आणि आतल्या नाजूक अस्तरात राहतो. तो रक्तात फिरत नाही, म्हणून रक्त तपासून दिसत नाही. ‘गुप्तरोगाचं पूर्ण पॅकेज’ म्हणून जे विकलं जातं त्यात तो बहुतेक वेळा नसतोच.

मग पुरुषाची दुसरी कुठली तपासणी? काही लॅब कातडीवरून बोळा फिरवून किंवा लघवी घेऊन तपासणी करून देतात. पैसे घालवू नका. बोळा लिंगाच्या टोकावर, म्हणजे सुपारीवर फिरवला तर एक उत्तर येतं आणि मुळाशी फिरवला तर दुसरं येऊ शकतं. पुरुषात हा विषाणू बहुतेक वेळा वर्षभरात आपोआप जातो, त्यामुळे आजचा रिपोर्ट सहा महिन्यांनी खोटा ठरू शकतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उत्तर काहीही आलं तरी पुढं करायचं काहीच बदलत नाही, कारण लक्षणं नसलेल्या पुरुषाला द्यायचं औषधच नाही. म्हणूनच पुरुषांसाठी एचपीव्हीची नेहमीची तपासणी सहसा सुचवली जात नाही. डॉक्टर “तुमची तपासणी नको” म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत.

एचआयव्हीची तपासणी मात्र दोघांनी करून घ्यावी, ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. बाईला एचआयव्ही असेल तर एचपीव्ही जास्त काळ टिकतो आणि पिशवीच्या तोंडावरचे बदल लवकर वाढतात, म्हणून डॉक्टरांना ते माहीत असावं लागतं. तो कागद तेवढ्यासाठीच. बायकोच्या वागण्याचा दाखला म्हणून तो वाचू नका.

‘कुणाकडून आलं’ हा प्रश्न आधीच विचारू नका

भाऊंना मी विचारलं, “वहिनींना एचपीव्ही आहे असं कुठं लिहिलंय?” त्यांनी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. लिहिलं होतं ‘व्हीआयए पॉझिटिव्ह’. या तपासणीत तीन ते पाच टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात आणि नुसत्या डोळ्यांनी पाहतात. त्यात विषाणू शोधलाच जात नाही. चट्टा आधीच्या सुजेमुळंही पांढरा होतो, आणि पॉझिटिव्ह आलेल्या पुष्कळ बायकांना पुढच्या तपासणीत काहीच निघत नाही. पॅप स्मिअरमध्ये पेशी बिघडलेल्या दिसल्या तरी तोही विषाणूचा रिपोर्ट नसतो.

समजा, पुढं एचपीव्ही निघालाच. तरी तो तारीख सांगत नाही. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक बाया-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू लागतो. दहांपैकी साधारण नऊ जणांत तो दोन वर्षांत निघून जातो. काहींत तो वर्षानुवर्षं दबून राहतो आणि मग तपासणीत दिसतो. तो नवऱ्याला लग्नाआधी लागलेला असू शकतो, बायकोला असू शकतो, किंवा दोघांनाही. सतरा वर्षांच्या संसारात आज चट्टा दिसला म्हणून गेल्या वर्षी काही घडलं, असं कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. भाऊ थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “म्हंजे माह्यापासूनबी असू शकते?” असू शकतं. तेही ठरवता येत नाही.

गोळ्यांचा कोर्स करून मोकळे होऊ नका

पांढरं पाणी जाण्याच्या तक्रारीवर रंगीत पाकिटातल्या गोळ्यांचं किट देतात, आणि त्यातल्या काही आजारांत नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. तिथं ते बरोबर आहे, कारण ते जंतू गोळ्यांनी मरतात. एचपीव्ही तसा मरत नाही. किट दिलं असेल तर पूर्ण घ्या, पण पाणी जायचं थांबलं म्हणजे चट्टा गेला असं समजून पुढची तारीख चुकवू नका. आमच्याकडं तारखा चुकण्याचं हे नेहमीचं कारण आहे. दुसरं कारण वेचणीला माणूस न मिळणं.

आणि हो, कुणी पिशवीच्या तोंडाचा तुकडा घेऊन तपासायच्या आधीच “पिशवी काढून टाका” म्हटलं तर थांबा. आत कॅन्सर लपलेला असेल तर साधं पिशवीचं ऑपरेशन अपुरं पडतं, आणि नसेल तर ते बहुधा लागतच नाही.

स्वतःकडं पाहा, पण बिबा लावू नका

तपासणी नसली तरी पुरुषानं स्वतःला पाहावं. अंघोळीच्या वेळी कातडी मागं घेऊन उजेडात नीट बघा. सुपारीच्या कडेनं एका ओळीत बारीक, गुळगुळीत, एकसारखे दाणे दिसले तर घाबरू नका. ते पुष्कळ पुरुषांत नैसर्गिक ठेवणीचे असतात, रोगाचे नव्हेत. फुलकोबीसारखी खरखरीत, वाढत जाणारी चामखीळ मात्र एचपीव्हीची असू शकते. ती बहुतेक वेळा ६ आणि ११ नंबरच्या प्रकारांमुळे येते. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर मुख्यतः १६ आणि १८ मुळे होतो. त्यामुळे चामखीळ नाही म्हणजे विषाणू नाही असं नसतं, आणि चामखीळ आहे म्हणजे बायकोला कॅन्सर होणार असंही नसतं.

चामखिळीवर बिबा किंवा चुना लावून आलेले लोक मी पाहिलेत. चामखीळ राहते बाजूला, भोवतालची कातडी जळून जखम होते. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, रक्त, घाण वास, किंवा आधी मागं जाणारी कातडी आता जात नसेल तर चर्मरोग किंवा सर्जरीच्या ओपीडीत दाखवा. लिंगाचा कॅन्सर दुर्मीळ आहे, पण लाजेपायी तो उशिरा दाखवला जातो.

कंडोमबद्दल

भाऊंचा पहिला प्रश्न होता, “ऑपरेशन झालं हाये तिचं, आता कंडोम काहाले?” ऑपरेशननं मूल थांबतं, विषाणू थांबत नाही. पण कंडोमची गरज कधी आहे आणि कधी नाही, हे वेगवेगळं पाहावं लागतं.

पहिला काळ उपचाराचा. त्यांच्या बायकोची पुढं दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा घेतला आणि मधल्या दर्जाचा बदल निघाला. म्हणजे कॅन्सर नव्हे, पण सोडून देण्यासारखंही नाही. तापवलेल्या टोकानं ती जागा मिनिटभराच्या आत जाळण्यात आली. अशा उपचारानंतर चार ते सहा आठवडे संबंध टाळायचे. पाण्यासारखा स्राव काही आठवडे जातो, ती जखम भरत असल्याची खूण आहे. ताप, घाण वास किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त असेल तर लगेच परत यायचं. टाळणं जमलंच नाही, तर त्या आठवड्यांत कंडोमशिवाय नाही. भाऊंनी माझ्याच कॅलेंडरवर आठवडे मोजले आणि मोबाइलमध्ये तारीख टाकून घेतली.

दुसरा काळ जखम भरल्यानंतरचा. इतकी वर्षं एकत्र असलेल्या जोडप्यात विषाणू बहुधा दोघांपर्यंत आधीच पोचलेला असतो, म्हणून आयुष्यभर कंडोम वापरा असं आम्ही सांगत नाही. तरी वापरला तर फायदा होऊ शकतो. नेदरलँड्समधल्या २००३ च्या एका अभ्यासात कंडोम वापरणाऱ्या जोडप्यांत पिशवीच्या तोंडावरचे बदल जास्त प्रमाणात मागं हटलेले दिसले. पुढच्या तपासणीपर्यंत वापरायचा की नाही हे दोघांनी ठरवावं. नवऱ्याचे बाहेर संबंध असतील तर मात्र हा ठरवाठरवीचा विषय राहत नाही. तिथं कंडोम हवाच, कारण नवा प्रकार घरात येऊ शकतो.

कंडोम पूर्ण आडोसा देत नाही, हेही खरं. मुळाकडची कातडी, वृषणाची पिशवी आणि जांघ उघडीच राहते. तरी अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या तरुणींचे जोडीदार दर वेळी कंडोम वापरत, त्यांच्यात नवी लागण जवळपास वापरतच नसलेल्यांपेक्षा ७० टक्के कमी आढळली. ‘दर वेळी’ हे त्यातलं महत्त्वाचं.

आणि आमच्या भागातली खास चूक. आशाताईंकडून मिळालेली निरोधची पाकिटं गाडीच्या डिक्कीत किंवा टिनाच्या छपराखालच्या पेटीत ठेवली जातात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतं, तेव्हा डिक्कीत काय होत असेल? रबर कडक होऊन ऐन वेळी फाटतं. घरातल्या थंड कोनाड्यात ठेवा, मुदतीची तारीख पाहा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन अजिबात नको, तेलानं रबर काही मिनिटांतच कमजोर होतं. एकावर एक दोन घालू नका, घासून दोन्ही फाटतात.

वर्षभरानंतरच्या तपासणीला भाऊ बायकोला स्वतः गाडीवर घेऊन आले. चट्टा नव्हता. बाहेर थांबले असताना त्यांनी विचारलं, “सर, ते लस घेतो ना आता मी?” लस आधीच असलेला विषाणू काढत नाही, आणि भारतात बनलेल्या लशीला पुरुषांसाठी मंजुरी २६ वर्षांपर्यंतची आहे. त्यांचं वय निघून गेलेलं. पण मुलगी नववीत, १४ वर्षांची. पंधरा पूर्ण व्हायच्या आत सुरुवात केली तर सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस पुरतात, नंतर तीन लागतात. तिचा वाढदिवस कधी, ते त्यांना आठवेना. मुलीच्या आईला विचारायला ते परत आत गेले.