उद्या अकराला मुलाखत: हाती असलेला एक दिवस मी कसा वापरला

मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास फोन आला आणि भोसरीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता यायला सांगण्यात आले. त्याआधी तीन वर्षे मी एका सीएंच्या कार्यालयात जीएसटीचे काम करत होते. याच्या आधीच्या एका मुलाखतीसाठीही मला असाच एक दिवस मिळाला होता. तो सगळा दिवस मी कंपनीचा इतिहास आणि संचालकांची नावे पाठ करण्यात घालवला, आणि प्रत्यक्षात ‘२बी जुळले नाही तर तुम्ही काय करता?’ या रोजच्या कामातल्या प्रश्नावर माझी बोलती बंद झाली. २बी म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून तयार होणारे, खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटचे पत्रक. ते आपल्या नोंदींशी जुळवण्याचे काम येत होते, पण ते तोंडाने कधी सांगितलेच नव्हते.

म्हणून या वेळी सर्वप्रथम जाहिरात कागदावर उतरवून काढली. तिच्यात पाच कामे होती: खरेदी-विक्रीच्या नोंदी, मासिक जीएसटी विवरणपत्रे, २बीची जुळवणी, ई-वे बिल आणि जॉबवर्कचा, म्हणजे प्रक्रियेसाठी बाहेर पाठवलेल्या मालाचा हिशेब. पहिली चार मी स्वतः केलेली होती. जॉबवर्क मात्र शेजारच्या टेबलावर चालताना पाहिले होते, हात लावला नव्हता. वेळ कमी असताना अभ्यास करायचा तो अशाच, ओळखीच्या पण न केलेल्या कामाचा, असे माझे मत आहे. अगदी अनोळखी विषय एका दिवसात बसत नाही, आणि जे रोज केले आहे ते वाचण्यापेक्षा बोलून पाहावे लागते.

कंपनीच्या माहितीला मी अर्धाच तास दिला. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नसल्यामुळे वार्षिक अहवाल मिळण्यासारखा नव्हता, पण तिच्या संकेतस्थळावर जीएसटी क्रमांक होता. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही ‘Search Taxpayer’ मध्ये तो क्रमांक घातला की व्यवसायाचे स्वरूप, मालाचे एचएसएन कोड आणि विवरणपत्रे कोणत्या तारखांना भरली तेही दिसते. इथे विक्रीचे विवरणपत्र जीएसटीआर-१ बहुतेक महिन्यांत ११ तारखेच्या आत भरलेले होते आणि माल वाहनांच्या सुट्या भागांचा होता. असे भाग प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटसाठी बाहेर पाठवले जातात, त्यामुळे जाहिरातीतली जॉबवर्कची ओळ नावापुरती नाही, हे कळले.

दुपारचे दोन तास त्या एका विषयाला दिले. कच्चा माल जॉबवर्कला डिलिव्हरी चलनावर कर न लावता पाठवता येतो. तो एका वर्षाच्या आत परत आला नाही, किंवा तिथूनच परस्पर विकला गेला नाही, तर पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे धरून कर लागतो. या चलनांचा तपशील आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये जातो. इतके नीट समजल्यावर मी थांबले.

संध्याकाळी जुळवणीचे उत्तर बोलून फोनवर रेकॉर्ड केले. पहिल्या वेळी चार मिनिटे बोलले आणि ऐकताना लक्षात आले की त्यात एकही आकडा नाही, सगळे ‘आम्ही चेक करायचो’ एवढ्यावरच चालले होते. मग एक उदाहरण मांडले. अशिलाचे आकडे बाहेर सांगणे योग्य नसल्यामुळे रकमा बदलल्या: खरेदी रजिस्टरप्रमाणे क्रेडिट ४,८६,००० रुपये, २बीमध्ये ४,४१,०००, फरक ४५,०००. त्यातले २७,००० अशा पुरवठादाराचे, ज्याने जीएसटीआर-१ अकरा तारखेनंतर भरले. ते पुढच्या महिन्याच्या २बीमध्ये येईल. उरलेले १८,००० दुसऱ्याने चुकून भलत्याच जीएसटी क्रमांकावर दाखवले. त्याला बिलाची प्रत पाठवून पुढच्या विवरणपत्रात दुरुस्ती करायला लावावी लागते. तोवर कर भरण्याच्या ३बी विवरणपत्रात क्रेडिट ४,४१,००० चेच घ्यायचे. तिसऱ्या वेळी हे दोन मिनिटांच्या आत बसले. शब्दन् शब्द पाठ केला नाही. फक्त तीन रकमा आणि दोन कारणे लक्षात ठेवली, म्हणजे मध्येच कोणी अडवले तरी धागा सुटत नाही.

रात्री दहानंतर नवीन काही वाचले नाही.

मुलाखतीत जुळवणीचा प्रश्न आला, पण जास्त वेळ गेला तो जॉबवर्कवर. ‘हे मी स्वतः केलेले नाही, नियम वाचलेला आहे आणि काम जवळून पाहिले आहे,’ असे मी आधीच सांगितले. त्यावर समोरच्या व्यवस्थापकांनी विचारले, ‘पुरवठादाराने माल आपल्याकडे न आणता थेट प्लेटिंगवाल्याकडे उतरवला, तर वर्ष कधीपासून मोजाल?’ प्लेटिंगवाल्याला माल मिळाला त्या तारखेपासून, असे मी उत्तर दिले. त्यांनी मान हलवली आणि टेबलावरची चलनांची फाईल माझ्याकडे सरकवून यातली मुदत संपत आलेली चलने शोधा, असे सांगितले.